जिचं नाव प्रभूला ठाऊक

पाच गोल पाव, त्यांच्या मधोमध तेवणारी मेणबत्ती, बाजूला तेलाची कुपी आणि गोड मद्याची छोटी बाटली. संत हारालांबोसच्या सणाची आदली संध्याकाळ होती. देवळातले पाद्री पापा-स्तेर्यो धूपदाणी हलवत मेजाभोवती फिरले आणि ज्या घरातून पाव आले होते त्या घरातली नावं संथपणे घेऊ लागले. थेक्ला तिच्या नेहमीच्या जागी, बायकांच्या बाजूच्या त्या पितळी समईपाशी उभी होती. पाव तिच्याच इमारतीच्या तळघरात राहणाऱ्या दोम्नाने आणले आहेत हे तिला ठाऊक होतं. सकाळी जिन्यात बडीशेपेचा वास दरवळला तेव्हाच तिने ओळखलं होतं. प्रभूची सेविका दोम्ना, पापा म्हणाले. प्रभूची सेविका सुलताना. थेक्लाने मान खाली घातली. त्या पावांतलं निम्म्याहून अधिक पीठ आपलं आहे, ही जाणीव उबदार पाण्यासारखी अंगावरून वाहू लागली होती आणि ती थांबवावी असं तिला वाटत नव्हतं. इथे कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं, तेच तर सुख होतं. "आणि प्रभूची सेविका एफ्तेर्पी," पापा म्हणाले, "आणि तिचं सगळं घर."

थेक्ला टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामाला असताना कधी कधी दोरीची पिन चुकीच्या भोकात जायची आणि भलत्याच घरातला भलताच आवाज कानात शिरायचा. तसंच झालं. थेक्लाला आधी वाटलं, दुसरी कुणीतरी एफ्तेर्पी असेल. पण पुढे, मोठ्या झुंबराखाली, राखाडी लोकरी कोटातल्या किरिया एफ्तेर्पीने, म्हणजे एफ्तेर्पीबाईंनी, मान किंचित तिरकी केली होती आणि शेजारच्या दोघीतिघी तिच्याकडे वळून पाहत होत्या. झुंबरावर तिचं आणि तिच्या तंबाखूचा व्यापार करणाऱ्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. खुर्चीवरही होतं, आणि इस्पितळातल्या एका खाटेवरही. आता पावावरही आलं. थेक्लाचा हात नकळत समईच्या दांड्यावर गेला. त्या दांड्यावर नाव नव्हतं. कुणीतरी फार वर्षांपूर्वी ती समई दिली होती आणि खाली एवढंच कोरून घेतलं होतं, की देणाऱ्याचं नाव प्रभूला ठाऊक आहे. थेक्ला इतकी वर्षं इथे उभी राहत होती ती त्या अक्षरांसाठीच. आज ती अक्षरं बोटांखाली गार लागली.

बाहेर पायऱ्यांवर वार्दारिस वारा सुटला होता. खालून समुद्राकडून नव्हे, वरून, डोंगराच्या खिंडीतून येणारा, सालोनिका शहरातल्या लोकांना हाडापर्यंत ओळखणारा वारा. दोम्ना पावाचे तुकडे टोपलीतून वाटत होती. बँकेच्या फरश्या पुसून तिच्या बोटांची पेरं फुटलेली होती. तिने थेक्लाच्या हातात तुकडा ठेवला, मग जवळ सरून हळूच सांगितलं, की किरिया एफ्तेर्पीच असणार ती. वर्षभर दर शनिवारी दाराच्या कडीला पिशवी लटकते ना, ती. पीठ, डाळ, तांदूळ, साखर, कधी सुक्या अंजिरांची माळ. आणि थंडीत रॉकेल. दोन वर्षांमागे दानधर्म मंडळाच्या बायका आल्या होत्या तेव्हा एफ्तेर्पीबाईंनी घर पाहिलं होतं, सासूबाईंचा फोटोही काढून नेला होता. परवा दोम्नाने धीर करून विचारलं तर म्हणाल्या, असल्या गोष्टी बोलायच्या नसतात गं. "म्हणजे त्याच की नाही, किरिया थेक्ला?" दोम्नाचे डोळे वाऱ्याने की कशाने पाणावले होते. "नाव माहीत नसलं तर प्रार्थना तरी कुणासाठी करायची? नाव नसलेली प्रार्थना पत्ता नसलेल्या पाकिटासारखी फिरत राहते. आणि ताटही नाही हो. पिशवी कागदाची. ताट असतं तर मी त्यात काहीतरी घालून परत केलं असतं. परत करायला काही नाही म्हणून हे पाव."

थेक्लाने पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि छान झालाय म्हणाली.

ताटाचा विचार तिने केला होता. फार बारकाईने केला होता. शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नाही, ही इथल्या कुठल्याही घरातली रीत. म्हणून ताट दिलं की ते परत येणार, आणि परत येताना हात, चेहरा, आभार घेऊन येणार. म्हणून कागदाची पिशवी. आणि तीही कोपऱ्यावरच्या वाण्याची नव्हे, कारण त्याच्या पिशवीवर कोंबडा छापलेला असे आणि तो गल्लीत ओळखू यायचा. ती ट्राममधून उतरून स्टेशनाजवळच्या दुकानात जायची. लोणच्याचे ऑलिव्ह नाहीत, कारण त्याला बरणी लागते आणि बरणी म्हणजे पुन्हा ताटच. घरी केलेलं काही नाही, कारण हात चवीवरून कळतो. शनिवारी दोम्ना बँकेत जाते आणि तळघरातल्या खोलीत फक्त तिची म्हातारी सासू सुलताना असते, जिचे पाय कधीच लुळे पडलेत. त्या वेळी जायचं, मोजे घालून, चपला हातात घेऊन, दुसऱ्या मजल्यावरून खाली. म्हाताऱ्या रॉकेलवाल्या बार्बा-लाझोसला संत निकोलाओसच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती की डबा दारात ठेवायचा, नाव विचारलं तर देवाने पाठवलं म्हणायचं. हे सगळं तिने एक्सचेंजमध्ये शिकल्यासारखं केलं. तिथे तीस वर्षं ती दुसऱ्यांचे आवाज एकमेकांना जोडत बसली. आजारपणं, लग्नं, मयतीच्या बातम्या, सगळं तिच्या बोटांखालून गेलं आणि कुणाला तिचा चेहरा ठाऊक नव्हता. यंत्रं आली, मुली घरी गेल्या, पण ती सवय राहिली.

फक्त एक गोष्ट तिच्या हिशेबात बसली नव्हती. पिशवीचा कागद कडीवर चुरचुरला की आतून सुलताना विचारायची, "कोण गं?" आवाज बारीक, अनातोलियातल्या गावाकडचा, शेवटचा स्वर ओढणारा, थेक्लाच्या आईचा होता तसा. "कोण गं, पोरी? थांब की जरा." आयुष्यभर असल्या प्रश्नाला ताबडतोब उत्तर देणारी थेक्ला श्वास रोखून उभी राहायची. मग पायरी, मग दुसरी पायरी. वर येऊन दार लावलं की गुडघे थरथरायचे आणि ती देवघरातल्या तेलवातीपुढे उभी राहून क्रूसाची खूण करायची. ते थरथरणं तिला आवडायचं. ती त्याला भक्ती म्हणायची.

त्या रात्री तिला झोप आली नाही. बूट आठवले. ती दहा वर्षांची होती, अनातोलियाच्या जळत्या किनाऱ्यावरून बोटीने आलेल्या हजारोंपैकी एक, आणि निर्वासितांच्या बराकीपुढे लाकडी मंच बांधला होता. मंचावर बायका, फुलांच्या टोप्या, व्हायोलेटच्या अत्तराचा वास. एकेका मुलीचं नाव पुकारायचं, तिने वर जायचं, बूट घ्यायचे, हाताचं चुंबन घ्यायचं, खाली टाळ्या. थेक्लाचं नाव चुकीचं पुकारलं गेलं होतं. दुसऱ्याच मुलीचं नाव घेऊन तिला पुढे ढकललं, तिने दुसरीच म्हणून चुंबन घेतलं, दुसरीच म्हणून फोटोत उभी राहिली. बूट मात्र तिचेच झाले. ते पायाला लागायचे, पण ओल शिरू द्यायचे नाहीत. त्या हिवाळ्यात बराकीतली किती मुलं खोकून खोकून गेली, ती गेली नाही. आई म्हणायची, बाई वाईट असेल, बूट चांगले आहेत, घाल. ती बूट घालायची आणि त्या हाताचा द्वेष करायची. पुढे कधीतरी तिने ठरवलं होतं की आपण द्यायचं तर असं द्यायचं की घेणाऱ्याला कुणाच्या हाताला ओठ लावावे लागणार नाहीत. मग इतकं सोपं, इतकं स्वच्छ ठरवलेलं असताना, छातीत हे काय ठुसठुसत होतं? पिशवी पोचली. डाळ शिजली. म्हातारी जेवली. कुणाचं नाव घेतलं गेलं याने डाळीला काय फरक पडतो? थेक्ला कूस बदलायची आणि पुन्हा तोच राखाडी कोट, तीच तिरकी मान. मला नाव नकोच होतं, ती स्वतःला सांगायची. मला फक्त ते दुसरीला मिळायला नको होतं.

बुधवारी, उपासाच्या दिवशी, ती पापा-स्तेर्योंकडे पापनिवेदनाला गेली. ते आपल्या गळ्यातल्या पवित्र वस्त्राचा पदर तिच्या डोक्यावर धरून ऐकत होते. वर्षभर तिने पिशवीबद्दल त्यांनाही सांगितलं नव्हतं; आता सांगताना वाटलं, सांगणं हेही मिरवणंच आहे. पापांनी मान वळवून मोठ्या झुंबराकडे पाहिलं. मग म्हणाले, एफ्तेर्पीबाईंच्या झुंबराला दिवे लागतात, कारण त्यावर त्यांचं नाव आहे आणि नाव अंधारात राहिलेलं त्यांना चालत नाही. मला ठाऊक आहे. देवालाही ठाऊक असेल. पण पुस्तक वाचायला उजेड त्यानेच पडतो.

"आणि माझं, बाबा?"

"तुझा राग तुझा आहे," पापा म्हणाले. "पिशवी त्या सासूसुनेची आहे. त्या दोन्हींची गाठ घालू नकोस. पिशवी चालू ठेव."

ती हो म्हणाली. त्या वेळी मनापासून म्हणाली.

पण शनिवारी सकाळी स्टेशनाजवळच्या दुकानात जायला निघताना कोटाची बटणं लावता लावता हात थांबले. तिने विचार केला, ही पिशवी माझ्या अहंकाराचं खाद्य झाली आहे. हे विष आहे. चाळीस दिवसांचा मोठा उपास येतोय. उपासात आपण मांस सोडतो, तेल सोडतो, मग हे सुख का नाही सोडायचं? विचार इतका नीटनेटका आला की तिला बरंच वाटलं, जणू कुणी वरून सांगितलं. त्या विचाराच्या तळाशी दुसरा एक विचार दबा धरून होता, तो तिला दिसत होता आणि तिने त्याच्याकडे पाहिलं नाही: पिशवी आली नाही की दोम्ना एफ्तेर्पीकडे जाईल. एफ्तेर्पीला काही सांगता येणार नाही. मग कळेल. कुणाला काय कळेल हे तिने पुढे नेलं नाही. बटणं पुन्हा काढली आणि कोट खुंटीला अडकवला.

बार्बा-लाझोस हातगाडी घेऊन खाली आला तेव्हा ती जिना उतरून गेली आणि म्हणाली, "या आठवड्यात तळघरात नको."

"का? देवाने सुट्टी घेतली?" त्याच्या मिशांवर वाऱ्याने पाणी साचलं होतं. तो हसत होता, मग हसायचा थांबला. "थंडी बघताय ना, किरिया."

"दुसरं कुणीतरी बघणार आहे त्यांचं."

"दुसरं कोण?"

"ज्यांचं नाव घेतात ते," थेक्ला म्हणाली, आणि आपल्याच आवाजातली धार ऐकून दचकली.

म्हाताऱ्याने खांदे उडवले आणि घंटा वाजवत गाडी पुढे ढकलली. त्या शनिवारी जिना गप्प होता. पुढच्याही. थेक्ला घरात बसून कान देत होती. दोम्ना येते, दार उघडते, क्षणभर काही नाही, मग दार लागतं. त्या क्षणभराच्या शांततेत कडीकडे पाहणारे डोळे तिला भिंतींतून दिसायचे. कधी वाटायचं, आत्ता जावं, डबा घेऊन, तोंड न लपवता, आणि म्हणावं ही मी. पण असं गेलं तर वर्षभराचं सगळं एका क्षणात एफ्तेर्पीच्या खात्यातून ओढून घेण्यासारखं होईल, म्हणजे मिरवणंच. आणि न जाता पिशवी ठेवली तर पुन्हा एफ्तेर्पीच्याच नावे जमा. कुठूनही वाट नव्हती. इतका विचार करायला ती आतापर्यंत कधी बसली नव्हती, आणि या विचारांत ती म्हातारी कुठेच नव्हती, हे तिला फार उशिरा लक्षात आलं.

वारा पडेना. पाण्याचे नळ गोठले. फुटपाथच्या पातळीवर असलेली तळघराची खिडकी आतून वर्तमानपत्रांनी बंद केलेली दिसत होती. तिसऱ्या शनिवारी थेक्ला खाली उतरली. हातात काही नव्हतं. आपण का उतरतोय हे तिने स्वतःला विचारलं नाही; पण चपला सवयीने हातात घेतल्या होत्या, आणि मोजे फरशीवर ओले झाले. दाराशी पोचली तर आतून खोकल्याचा आवाज, लांब, मध्येच तुटणारा, जणू कुणी कापड फाडतंय आणि कापड संपत नाहीये. ती उभी राहिली. कडी रिकामी होती. खोकला थांबला.

"कोण गं?"

थेक्लाने श्वास रोखला.

"तीच ना तू? श्वासावरून कळतं मला. आत ये, पोरी. दार नुसतं लोटलंय." मग बऱ्याच वेळाने, "पिशवी नसली तरी ये."

दार नुसतं लोटलेलं होतं, ते खरं होतं. चौकटीत बोटभर फट होती आणि त्या फटीतून रॉकेलचा नव्हे, थंड राखेचा आणि आजारी माणसाचा वास येत होता. हात पुढे करून ढकललं असतं तर एका पावलाची गोष्ट होती. थेक्लाचा हात वर आलाही. मग तिला दिसलं, आपण आत गेलो की ती म्हातारी आपला हात हातात घेणार, ओठांना लावणार. आणि व्हायोलेटचा वास आला, खरोखर आला, इतक्या वर्षांनी, त्या जिन्यात. ती पायरी चढली. दुसरी चढली. मागे आवाज ओढल्या स्वरात आणखी काहीतरी म्हणाला. ते तिने ऐकलं नाही, किंवा नंतर तिने तसं ठरवलं.

त्याच संध्याकाळी एक मोटार दारापुढे थांबली. वरून थेक्लाने राखाडी कोट ओळखला, आणि मागून डॉक्टरची बॅग. मग रॉकेलचे दोन डबे, ब्लँकेटं, उंच आवाजातल्या सूचना, हे इथे ठेवा, ते तिथे, शेजारच्या बायका दारात गोळा झालेल्या. सगळ्या गल्लीला कळेल असा तो मदतीचा कार्यक्रम चालला होता. थेक्ला खिडकीच्या पडद्याआड उभी होती आणि मनात म्हणत होती, बघा, हात पुसून फोटोही काढतील. फोटो कुणी काढला नाही. डॉक्टर वर आला तेव्हा टोपी हातात होती. फुप्फुसं, तो कुणाला तरी म्हणाला. चार दिवस आधी बोलावलं असतं तर बघता आलं असतं. सुलताना मंगळवारी पहाटे गेली.

अंत्यसंस्कारानंतर तळघरात कडू कॉफी, ब्रँडीचे पेले आणि टोस्ट वाटले गेले. फुलांच्या चक्रावरची फीत एफ्तेर्पीच्या नावाची होती, सोनेरी अक्षरांत; शवपेटी, पाद्री, गायक, सगळं तिनेच केलं होतं. थेक्ला पहिल्यांदाच त्या खोलीत आली होती. इतकी लहान खोली. दारापासून खाटेपर्यंत हात पोचला असता. खाटेच्या उशापाशी भिंतीवर सुक्या अंजिरांची माळ टांगली होती, एकही अंजीर न खाल्लेली, तसबिरीला हार घालावा तशी. थेक्लाने ती माळ ओळखली आणि ब्रँडीचा पेला खाली ठेवला.

दोम्ना तिच्याशेजारी येऊन बसली. मग सांगू लागली, की सासूबाई शनिवारची वाट बघायच्या. पिशवीची नव्हे. पिशवी आणणारी थोडा वेळ दारात उभी राहते, म्हणायच्या, तिचा श्वास ऐकू येतो. दिवसभरात तेवढंच माणूस. "म्हणायच्या, डाळीवाचून निभेल गं, ती एकदा आत आली असती तर बरं झालं असतं. गावाकडची वाटते, म्हणायच्या. मी म्हणे, अहो, श्वासावरून कुठे गाव कळतं."

थेक्लाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बोलायला तोंड उघडलं. त्या क्षणी खरोखर तिने बोलायचं ठरवलं होतं. पण एफ्तेर्पी दारातून तिला खूण करत होती.

बाहेर पायऱ्यांखाली एफ्तेर्पीने हातमोजे काढले. जवळून ती म्हातारी दिसत होती, पावडरखाली डोळे सुजलेले. तिने थेक्लाला विचारलं, तुम्ही वर राहता, तुम्हाला सगळं दिसतं, पिशवी कोण ठेवायचं ते कधी पाहिलंत का? मग उत्तराची वाट न पाहता बोलत सुटली. "मी कधी काही पाठवलं नव्हतं हो. दोम्ना आभार मानायला आली तेव्हा मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. गोड वाटलं. एवढ्या पाट्या माझ्या नावाच्या, पण असं डोळ्यांत पाणी आणून कुणी कधी आलं नव्हतं माझ्याकडे." त्या शनिवारी दोम्ना पुन्हा आली होती. माफी मागायला. देवळात नाव घेतलं म्हणून बाईंना राग आला आणि त्यांनी पिशवी बंद केली, अशी तिची समजूत. आता पुन्हा कधी नाव घेणार नाही म्हणाली, फक्त सासूला ऊब हवी. "मग मी उठले. लाजेने उठले, पुण्याईने नव्हे. पहिल्या वेळी खरं बोलले असते तर तिने दुसऱ्या कुणाचं दार वाजवलं असतं, किंवा मीच आधी आले असते." तिने हातमोजे पिळल्यासारखे धरले. "मी दोम्नाला सांगून टाकलंय सगळं. काल रात्री, जागरणाला बसलेल्या सगळ्या बायकांसमोर. आता ती विचारतेय, मग ती खरी बाई कुठे गेली? एकदम बंद का केलं तिने?" आवाज खाली आला. "मला वाटतं, ती मेली असणार. जिवंत माणूस अशा थंडीत थांबेल का हो?"

थेक्ला त्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिली. या बाईने खोटं घेतलं आणि ते खरं करायला धावली, उशिरा का होईना, सगळ्या गल्लीसमोर, मोटारीतून. आणि आपण खरं दिलं होतं.

"असेल," थेक्ला म्हणाली. "मेली असेल."

मोठा उपास चालू होता. थेक्लाने तेल सोडलं, मग शिजवलेलंही सोडलं, भाकरी आणि पाणी. संध्याकाळच्या प्रार्थनेत कपाळ फरशीला टेकायचं, उठायचं, पुन्हा टेकायचं. पापा-स्तेर्योंकडे ती गेली नाही. ते देवळात दिसायचे तेव्हा ती समईआड सरकायची. गंमत म्हणजे सगळं पूर्वीसारखंच होतं. तीच गुप्तता, तेच खाली घातलेलं डोकं, कुणाला काही ठाऊक नाही. फक्त आता त्यात सुख नव्हतं, आणि त्यावाचून दुसरं काय बदललं हे ती शोधत राहायची. शनिवारी ट्रामने स्टेशनाजवळ जाऊन ती पिशवी घेऊन येऊ लागली होती. पण दोम्नाच्या दाराशी जाणं आता जमेना. पिशव्या तिच्या स्वयंपाकघरात साठत गेल्या. तांदळाला किडे झाले.

सुलतानाच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस उपासाच्या शेवटच्या, पवित्र आठवड्यात येत होता, त्या दिवसांत मृतांची प्रार्थना होत नाही, म्हणून तो आधीच्याच एका रविवारी ओढला. मेजावर मृतांच्या नावाने उकडलेल्या गव्हाचं ताट होतं, पिठीसाखरेने झाकलेलं, वर चांदीच्या गोळ्यांचा क्रूस, डाळिंबाचे दाणे. ताटाभोवती मेणबत्त्या. पापा-स्तेर्यो मृतांची नावं घेऊ लागले. प्रभूची दिवंगत सेविका सुलताना. तिचा नवरा, मागे अनातोलियातच राहिलेला. तिची दोन मुलं. मग पापा थांबले. पिशवी ठेवणारी ती बाईही मेली असेल, तिच्यासाठीही प्रार्थना करा, असं दोम्नाने त्यांना सांगितलं असावं, कारण थांबले तेव्हा त्यांनी कुणाला शोधल्यासारखी मान वर केली आणि त्यांची नजर पितळी समईवर आली, समईआडच्या माणसावर आली. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आणि तुझी ती दिवंगत सेविका," पापा म्हणाले, "जिचं नाव, प्रभू, तुलाच ठाऊक आहे."

गायकांनी चिरंतन स्मृतीचं गाणं धरलं. सगळे उभे राहून गात होते आणि थेक्लाचेही ओठ हलत होते. तिने खाली पाहिलं. बोटांखाली तीच अक्षरं होती.

पायऱ्यांवर दोम्ना गहू वाटत होती. कागदाच्या छोट्या पिशव्या, तोंडाशी दुमडलेल्या. आता वारा नव्हता, ऊन होतं, खाली समुद्र चकाकत होता. दोम्नाने पिशवी तिच्या हातात ठेवली. "दोघींसाठी आहे," ती म्हणाली. "सासूबाईंसाठी आणि त्या बाईसाठी. कुणाची कोण, पण तिलाही कुणीतरी द्यायला हवं ना."

पिशवी घेताना म्हणायचे शब्द ठरलेले असतात. ते न म्हणता गहू घेत नाहीत. मागे माणसं थांबली होती, एफ्तेर्पी होती, आणि दाराशी पापा-स्तेर्यो. दोम्ना वाट पाहत होती, फुटलेल्या बोटांनी दुसरी पिशवी दुमडत.

"देव तिला क्षमा करो," थेक्ला म्हणाली.

"देव करो," दोम्ना म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे वळली.

थेक्लाने पिशवी उघडली. गहू मऊ शिजले होते, त्यात बडीशेप होती. एक घास तिने तोंडात घेतला आणि तो बराच वेळ चावत राहिली.